कांडप यंत्रासाठी कर्ज आणि अर्जावरचं एक पान

*प्रश्न: आमची गावात आठ वर्षं पिठाची गिरणी आहे, मी आणि मालक मिळून चालवतो. उद्यम नोंदणी माझ्या नावावर आहे. शेड आणि लाइटचं मीटर सासऱ्यांच्या नावावर. आता मिरची कांडपाचं यंत्र घ्यायचंय, कारण चटणीसाठी सगळं गाव चौदा किलोमीटरवर तालुक्याला जातं. खर्च साडेतीन लाख, आमच्याकडे सत्तर हजार आहेत. बँकेतले साहेब म्हणाले, अर्ज भरा, कागद जोडा आणि वर एक पत्र द्या, पैसे कशाला, कुठून फेडणार, काय काय जोडलंय, एका पानात. मी लिहायला बसले आणि दोन पानं झाली. सुरुवात केलीय, ‘मी एक कष्टाळू व होतकरू महिला असून मला स्वतःच्या पायावर उभे राहण्याची जिद्द आहे.’ सीझनला दिवसाला साठ किलो कांडप होईल, म्हणजे महिन्याला साठ-सत्तर हजार सहज येतील, असंही लिहिलंय. बचत गटाचं थोडं कर्ज आहे, ते लिहू का नको? पत्र कसं लिहू ते सांगा.*

*– एक भगिनी, वाळवा तालुका*

ताई,

ते पहिलं वाक्य आधी खोडा. जिद्द खरी असेलच, पण शाखेतल्या अधिकाऱ्याला तिचं काही करता येत नाही. तुमचा अर्ज हातात आला की त्याला स्वतःला एक टिपण तयार करावं लागतं: कर्जदार कोण, धंदा कोणता, एकूण खर्च किती, स्वतःचे किती, बँकेचे किती, हप्ता किती, तो कुठून येणार. हे टिपण मंजुरी देणाऱ्याकडे जातं, आणि तो मंजुरी देणारा बहुतेक वेळा तुमच्या गावात कधी येतही नाही. तुमच्या पत्रातल्या ओळी उचलून त्या टिपणात जशाच्या तशा ठेवता आल्या, तर पत्र चांगलं. मी पंचवीसेक वर्षं अशी टिपणं लिहिली आहेत. ज्या पत्रातला आकडा शोधायला जोडलेले सगळे कागद चाळावे लागत, ते पत्र आपोआप गठ्ठ्याच्या तळाशी जायचं.

म्हणून पत्रातल्या प्रत्येक आकड्याला मागे एक कागद हवा. कागद नसेल तर आकडा कसा काढला ते एका ओळीत हवं. दोन्ही नसेल तर तो आकडा पत्रात नको.

आता कशासाठी हा भाग. ‘कांडप व्यवसाय वाढवण्यासाठी’ एवढं लिहून भागत नाही, कारण वाढवणं या शब्दात यंत्रही येतं आणि घरचं लग्नही. तुमचे साडेतीन लाख फोडून लिहा. कोटेशनं पाठवलीत ती पाहिली: चार दांड्यांचं डंक दीड लाखाच्या वर जातं, कर धरून १,६०,०००, पल्व्हरायझर ९५,०००, थ्री फेज जोडणी आणि आतलं वायरिंग ४५,०००, यंत्राचा पाया, एक्झॉस्ट पंखे आणि तिखट उडू नये म्हणून पार्टिशन ५०,०००. यातले पहिले दोन आकडे पक्के आहेत, कारण त्यांना विक्रेत्याचं कोटेशन आहे. कोटेशनवर विक्रेत्याचा जीएसटी नंबर, यंत्राचं मॉडेल, मोटरची हॉर्सपॉवर आणि कोटेशन किती दिवस चालेल ते असल्याची खात्री करा. बँक यंत्राचे पैसे तुमच्या हातात देत नाही, थेट विक्रेत्याच्या खात्यात पाठवते, म्हणून कोटेशनवर त्याच्या बँक खात्याचा तपशील असला तर पुढची एक फेरी वाचते. तिसऱ्या आकड्यासाठी महावितरणकडे आत्ताच अर्ज करून त्यांचं कोटेशन घ्या आणि वायरमनचा अंदाज वेगळा जोडा. चौथ्यासाठी गवंड्याकडून साध्या कागदावर सही करून अंदाजपत्रक आणलं तरी चालतं, फक्त त्यावर तारीख हवी.

थ्री फेजचं मी मुद्दाम पुढे काढतोय. यंत्र येऊन शेडमध्ये उभं आहे आणि लाइट नाही म्हणून सीझन गेला, हे घडतं. हप्ता मात्र ठरलेल्या महिन्यात सुरू होतोच. अधिकाऱ्याला हे माहीत असतं, त्यामुळे महावितरणच्या अर्जाची पावती जोडलेली दिसली की त्याच्या मनातली एक शंका न विचारताच मिटते.

सत्तर हजार स्वतःचे म्हणजे एकूण खर्चाच्या वीस टक्के. हे चांगलं प्रमाण आहे आणि ते पत्रात ठळक यायला हवं. पण सत्तर हजार ‘आहेत’ म्हणजे कुठे आहेत? डब्यात असतील तर आजच खात्यात भरा. अर्जाच्या आदल्या दिवशी एकदम सत्तर हजार जमा झालेले दिसले की उसने आणले असतील असं वाटतं. थोडे आधी भरा आणि कशाचे तेही लिहा. भिशीचे असोत, म्हैस विकून आलेले असोत. खरं असेल ते लिहायला लाजू नका.

मागायचे २,८०,०००. ही रक्कम मुद्रा योजनेच्या किशोर गटात बसते. ५०,००० ते ५ लाख असा तो गट आहे. पत्राच्या विषयातच योजनेचं आणि गटाचं नाव लिहा. मुद्रा म्हणजे वेगळी बँक आहे, तिथून पैसे येतात, असं गावात बरेच जण समजतात. कर्ज तुमचीच बँक देते. या रकमेला जागा किंवा दागिना तारण मागायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या छोट्या कर्जांना तो लागू होतो. म्हणून ‘सासऱ्यांची शेती तारण द्यायला तयार आहोत’ हे तुमच्या मसुद्यातलं वाक्य काढून टाका. कोणी मागितलेलं नाही, आपण होऊन देऊ नका. यंत्र मात्र बँकेकडे नजरगहाण राहील, म्हणजे ते असेल तुमच्याच शेडमध्ये पण कर्ज फिटेपर्यंत त्यावर हक्क बँकेचा, आणि नवऱ्याला बहुधा सहकर्जदार म्हणून घेतील.

आता खरी अडचण. साठ किलोचा आकडा.

दिवसाला ६० किलो, फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत धरले शंभर दिवस, म्हणजे ६,००० किलो. तुमच्याकडच्या चार-पाच माणसांच्या घराला वर्षाची चटणी किती लागते? ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी, त्यात धने-खोबरं-कांदा-लसूण सगळं मिळून सात-आठ किलो. आठ धरा. ६,००० भागिले ८, म्हणजे साडेसातशे घरं. तुमच्या दळणाच्या वहीत नियमित येणारी घरं तुम्हीच लिहून पाठवलीत: चारशे. मग उरलेली साडेतीनशे घरं कुठली? तालुक्याला जाणारी बाकीची गावं तुमच्याकडे वळतीलही, पण ते पुढच्या वर्षी. पहिल्या सीझनला ज्यांचं दळण तुमच्याकडे आहे, त्यांचीच चटणी तुमच्याकडे येईल.

हा हिशेब मी घरी बसून पाच मिनिटांत केला, तुमच्या शाखेतला अधिकारीही करेल. वाळवा-कराड भागात नोकरी केलेल्या माणसाला एका घराला किती चटणी लागते हे वेगळं सांगावं लागत नाही. एकदा त्याला साठाचा आकडा फुगवलेला वाटला की मग खरे आकडेही तो संशयानं वाचतो.

तेव्हा चारशे घरं गुणिले आठ किलो, ३,२०० किलो. दिवसाला सरासरी बत्तीस. डंकावर कांडून द्यायचे किलोला ४० रुपये घेणार असं तुम्ही म्हणता, तालुक्याचा दरही तोच आहे. सीझनची आवक १,२८,०००. त्यातून मदतीला एक बाई, शंभर दिवस, ४०० रुपयांनी ४०,०००. वीज अंदाजे १६,०००. जाळ्या, पट्टे, बेअरिंग, डंकाच्या दांड्यांची डागडुजी ८,०००. उरले ६४,०००. उरलेल्या आठ महिन्यांत हळद, धने, गरम मसाला, दिवाळीत भाजणी, यातून खर्च जाऊन महिन्याला अडीच हजार तुम्ही धरलेत. ते मला जमेल असं वाटतं. म्हणजे २०,०००. कांडपाची वर्षाची निव्वळ मिळकत ८४,०००.

आणि हप्ता? व्याज प्रत्येक बँकेचं वेगळं असतं, पण हिशेबाला १२ टक्के धरलं आणि मुदत ५ वर्षं, तर २,८०,००० ला महिन्याला ६,२२८ रुपये येतात. वर्षाला ७४,७३६. पत्र देण्याआधी शाखेत त्यांचा दर विचारा आणि हे दोन आकडे त्याप्रमाणे बदला.

८४,००० मधून ७४,७३६ फेडायचे, हे फार काठावरचं आहे. मिरची महागली आणि लोकांनी दोन-दोन किलो कमी केली तर संपलं. इथे बऱ्याच जणांचा हात थरथरतो आणि मग बत्तीसचे साठ होतात. तसं करायची तुम्हाला गरजच नाही, कारण तुमच्याकडे आठ वर्षं चालणारी गिरणी आहे आणि मसुद्यात तिच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. गिरणीतून खर्च जाऊन महिन्याला वीस हजार राहतात, घरखर्च साडेबारा हजार, बचत गटाचा हप्ता दीड हजार, शिल्लक सहा हजार. वर्षाला ७२,०००. बँक कर्ज देते ते तुमच्या सगळ्या धंद्याकडे बघून. कांडप आणि गिरणी मिळून फेडीला उपलब्ध १,५६,०००, फेडायचे ७४,७३६. दुपटीहून थोडे जास्त. बँकांना साधारण दीडपट दिसलं की बरं वाटतं.

आता याच्यापुढे एक ओळ लिहा, जी मी शंभरात दोन-चार अर्जांत पाहिली असेन: कांडप निम्मंच झालं तर काय? १,६०० किलो, आवक ६४,०००. बाईला कामावर ठेवलं तर तिचा पगार तेवढाच, वीज ८,०००, डागडुजी ६,०००, खर्च ५४,०००, उरतील १०,०००. त्यात बाकी आठ महिन्यांचे २०,००० आणि गिरणीचे ७२,००० मिळवले की १,०२,०००. हप्ते तरीही भरले जातात. या ओळीनं अधिकाऱ्याचं टिपण जवळजवळ लिहून होतं, कारण हाच प्रश्न त्याला वरून विचारला जाणार असतो.

बचत गटाचं कर्ज लिहायचं. वर घरखर्चाबरोबर हप्ता धरलाच आहे, तो त्यासाठीच. गटानं बँकेतून उचललेलं असेल किंवा मायक्रोफायनान्सवाल्यांचं असेल, तर ते सिबिलच्या अहवालात दिसू शकतं. तुम्ही न लिहिता त्यांना सापडलं तर तीस हजारांचं कर्ज तीन लाखांच्या अर्जाला आडवं येतं. लिहिलं तर ती साधी वजाबाकी राहते. सोनं गहाण असेल तर तेही लिहा.

अनुदानाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी कानात सांगेलच. मसाला हा अन्नप्रक्रियेत येतो, तेव्हा त्या योजनांची चौकशी जरूर करा, जिल्हा कृषी कार्यालयात. मात्र फेडीच्या हिशेबात अनुदानाचा रुपया धरू नका. मिळालं तरी ते सहसा कर्जखात्याशी जोडून काही वर्षं अडकवून ठेवतात, हप्ता भरायला ते हाती येत नाही.

वेळेचं आता. तुम्ही पत्र दिवाळीच्या सुमाराला पाठवलंत, ते फार बरं झालं. नोव्हेंबरात अर्ज, डिसेंबरात मंजुरी, जानेवारीत यंत्र बसलं तर सीझन सापडतो. हेच कर्ज जूनमध्ये उचललं असतं तर आठ महिने हप्ते भरायचे आणि यंत्रावर पावसाळी हळद दळायची. पत्रात तीन महिन्यांची हप्त्याची सवलत मागा, म्हणजे पहिला हप्ता एप्रिलमध्ये येईल. सवलतीच्या काळात व्याज चालूच असतं, १२ टक्क्यांनी महिन्याला २,८००. ते तिथल्या तिथे भरत जा, मुद्दलात चढू देऊ नका. सीझनला मोठा हप्ता आणि पावसाळ्यात छोटा अशी मागणी काही जण करतात. तर्काला ती बरोबर आहे, पण शाखेच्या संगणकाला समान हप्ते सोयीचे पडतात आणि त्या वादात तुमचा महिना जाईल. त्यापेक्षा मे महिन्याच्या शेवटी पुढच्या पाच-सहा हप्त्यांचे पैसे त्याच बँकेत ठेव म्हणून बाजूला टाका आणि तसा बेत असल्याचं पत्रात लिहा.

हे सगळं धरून पत्र असं होईल:

दिनांक: …

प्रति,
मा. शाखाधिकारी,
(बँक व शाखेचं नाव)

विषय: प्रधानमंत्री मुद्रा योजना, किशोर गट – मिरची कांडप यंत्रासाठी रु. २,८०,००० मुदत कर्जाचा अर्ज

महोदय,

मी मौजे … येथे आठ वर्षांपासून पिठाची गिरणी चालवते. उद्यम नोंदणी माझ्या नावे आहे. माझे बचत खाते आपल्याच शाखेत आहे (खाते क्र. …). सोबत कर्जाचा अर्ज सादर करीत आहे.

कर्जाचे कारण: गिरणीच्या शेडमध्ये मिरची व मसाला कांडप सुरू करणे. सध्या गावातील लोक यासाठी १४ किमीवर तालुक्याला जातात.

एकूण खर्च: डंक यंत्र रु. १,६०,०००, पल्व्हरायझर रु. ९५,०००, थ्री फेज जोडणी व वायरिंग रु. ४५,०००, पाया, पंखे व पार्टिशन रु. ५०,०००. एकूण रु. ३,५०,०००. स्वतःचा हिस्सा रु. ७०,००० (वरील खात्यात जमा). मागणी रु. २,८०,०००.

परतफेड: मुदत ५ वर्षे, १२ टक्के व्याज धरून मासिक हप्ता अंदाजे रु. ६,२२८, वार्षिक रु. ७४,७३६.
गिरणीतून घरखर्च व बचत गटाचा हप्ता वजा जाता वार्षिक शिल्लक रु. ७२,०००.
कांडपातून अपेक्षित वार्षिक निव्वळ मिळकत रु. ८४,००० (सध्याची ४०० नियमित गिऱ्हाइके, प्रत्येकी ८ किलो, रु. ४० दराने, खर्च वजा जाता. इतर आठ महिन्यांचे रु. २०,००० धरून).
परतफेडीस एकूण उपलब्ध रु. १,५६,०००.
कांडप अपेक्षेच्या निम्मे झाले तरी रु. १,०२,००० उपलब्ध राहतात. हिशेबाचा तक्ता सोबत जोडला आहे.

सध्याचे कर्ज: बचत गटाचे रु. … बाकी, मासिक हप्ता रु. १,५००, नियमित. अन्य कर्ज नाही.

विनंती: कांडपाचा हंगाम फेब्रुवारी ते मे असल्याने पहिले तीन महिने हप्त्याची सवलत मिळावी. या काळातील व्याज दरमहा भरीन. हंगामाच्या शेवटी पुढील हप्त्यांची रक्कम आपल्या शाखेत ठेवीत ठेवणार आहे.

शेड व वीजमीटर माझ्या सासऱ्यांच्या नावे असून त्यांचे संमतीपत्र जोडले आहे. वार्षिक उलाढाल रु. २० लाखांच्या आत असल्याने जीएसटी नोंदणी घेतलेली नाही. उत्पन्न करपात्र नसल्याने आयकर विवरण भरलेले नाही.

आपली विश्वासू,
(सही, नाव, मोबाइल)

सोबत जोडलेले कागद:
१. कर्जाचा अर्ज, फोटोसह
२. आधार, पॅन (माझे व पतीचे)
३. उद्यम नोंदणी प्रमाणपत्र
४. शॉप ॲक्टची पावती व एफएसएसएआय नोंदणी
५. शेडचा ग्रामपंचायत नमुना ८ उतारा, सासऱ्यांचे संमतीपत्र, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला
६. यंत्रांची कोटेशन्स (२)
७. महावितरणकडे केलेल्या अर्जाची पावती व कोटेशन, वायरमनचा अंदाज, बांधकामाचे अंदाजपत्रक
८. बारा महिन्यांचे खाते उतारे
९. गिरणीची बारा महिन्यांची वीजबिले
१०. दळणाच्या वहीच्या मागील तीन महिन्यांच्या पानांच्या प्रती
११. परतफेडीचा हिशेब (एक पान)
१२. बचत गटाच्या कर्जाच्या पासबुकाची प्रत

पत्र एका पानात मावलं नाही तर कागदांची यादी मागच्या बाजूला घ्या, पण परतफेडीचा भाग पुढच्याच पानावर राहू द्या. मराठीतच लिहा. अधिकारी परराज्यातून बदलून आलेला असेल किंवा अर्ज मोठ्या शहरातल्या कार्यालयात तपासला जाणार असेल, तर मुलाकडून किंवा शाळेतल्या गुरुजींकडून हेच पत्र इंग्रजीत करून खाली जोडा. आकडे दोन्हीकडे तेच हवेत. ‘एजंट’ म्हणवणाऱ्याकडून लिहून घेऊ नका. त्याच्या सगळ्या पत्रांत एकच उलाढाल असते आणि शाखेत ती ओळखतात.

यादीतल्या दोन गोष्टींवर थोडं थांबतो.

वीजबिलं मी बारा महिन्यांची मागितली, कारण तुमचा धंदा रोखीचा आहे. महिन्याला वीस हजार मिळतात हे खात्यावरून दिसणार नाही, गल्ल्यातले पैसे बरेचसे तिथूनच किराणा दुकानात जातात. पण गिरणी चालली की मीटर फिरतो. युनिटं दर महिन्याला साधारण सारखी, सणाला थोडी वर, असा ठसा बिलांवर दिसला की वहीतल्या दळणाला साक्ष मिळते. वही आणि बिल एकमेकांशी जुळायला हवीत. एखाद्या महिन्यात गिरणी बंद होती, मोटर जळाली होती, तर बिलावर पेन्सिलनं तसं लिहून ठेवा. त्यांनी विचारायच्या आधी. आणि आजपासून क्यूआर कोड लावा, गल्ल्यातली जास्तीची रोख आठवड्याला खात्यात भरा. पुढच्या वर्षी खेळतं भांडवल मागायला जाल तेव्हा हा उताराच बोलेल.

दुसरं, नावं. उद्यमवर तुमचं लग्नानंतरचं नाव, पॅनवर माहेरचं, आधारवर आणखी तिसरं, असं असेल तर अर्ज द्यायच्या आधी सुधारून घ्या. तेवढ्यात होत नसेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद जोडा आणि पत्रात एक ओळ घाला. सासऱ्यांचं संमतीपत्र नुसतं ‘हरकत नाही’ असं नको. त्यात शेडचा मिळकत क्रमांक, ‘सून हिला कांडप यंत्र बसवून धंदा करण्यास व त्या जागेत बँकेने नजरगहाण घेतलेले यंत्र ठेवण्यास’ असा उल्लेख, आणि किती वर्षांसाठी ते लिहा. मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी नको, पाच वर्षांचं कर्ज आणि तीन वर्षांची संमती असं झालं की कागद परत येतो. सासऱ्यांची सही मोडीसारखी असेल तर शेजारी अंगठा आणि दोन साक्षीदार घ्या. नवं थ्री फेज मीटर कोणाच्या नावावर घ्यायचं तेही आत्ताच ठरवा. तुमच्या नावावर आलं तर धंदा तुमचाच आहे हे आणखी पक्कं होतं, फक्त मग महावितरणलाही हेच संमतीपत्र लागेल, दोन मूळ प्रती करून ठेवा.

शॉप ॲक्टबद्दल गोंधळ नको. तुमच्यासारखी मोजकीच माणसं कामाला असतील तर महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याप्रमाणे फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, तिची पावती मिळते. तीच जोडा. उद्यम नोंदणी फुकट होते, तिच्यात आता ‘मसाला दळणे’ हे काम वाढवून घ्या. नाहीतर नोंदणीत पिठाची गिरणी आणि अर्ज मसाल्याचा, अशी विसंगती राहते.

पत्राच्या आणि यादीच्या दोन प्रती न्या. एकीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तरी पोच मागा, ती द्यायची असा नियम आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २५ लाखांपर्यंतच्या अर्जावर, कागद पूर्ण असतील तर, १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायला बँकांना सांगितलेलं आहे. तो काळ पोचेवरच्या तारखेपासून मोजता येतो. नाकारलं तर कारण लेखी मागा. कारण ‘अपुरी परतफेड क्षमता’ असं आलं तर कुठल्या आकड्यावर ते विचारा, आणि तुमच्या हिशेबाच्या पानावर तो आकडा बोटानं दाखवायला सांगा.

अर्ज गेला की आठ-दहा दिवसांत अधिकारी गिरणी बघायला येईल, बहुतेक न सांगता. तेव्हा वही गल्ल्यापाशी असू द्या, शेडमध्ये यंत्र बसायची जागा खडूनं आखून ठेवा, आणि तो बोलेल तेव्हा उत्तरं तुम्ही द्या. मालकांना सांगा, तुम्ही दळण घ्या. कर्जदार तुम्ही आहात, हप्ता किती आणि कुठून, हे तुमच्या तोंडून ऐकायचं असतं त्याला.

तुमचा,
सदर लेखक

ता.क. कोटेशनमध्ये डंकासोबत मोटर आहे की नाही ते विक्रेत्याला पुन्हा विचारा. तुमच्या प्रतीवर ते स्पष्ट नाही. मोटर वेगळी निघाली तर साडेतीन लाखांचा आकडाच बदलेल आणि पत्र पुन्हा लिहावं लागेल.